दुपारी दोन ते पाच

आज सकाळी वाळपईच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. चेहऱ्यावर लग्न पार पाडल्यासारखं समाधान. "टीचर, मुलीला पुण्याला सोडून आलो. हॉस्टेल क्लासच्या अगदी शेजारी. फोन नाही, टीव्ही नाही. आता अभ्यास नाही केला तर सांगा!" मी विचारलं, "दुपारी काय करते ती?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी भेंडीचा भाव विचारला. "दुपारी? झोपत असेल. सकाळी सातला क्लास असतो ना हो."

तेव्हापासून डोकं फिरलंय. आता लिहूनच टाकते.

नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणाच्याही लक्षात नाही. आमच्या सत्तरीतून, पेडण्यातून, काणकोणातून मुलं पुण्याला, कोटाला जातात. लाखांनी फी भरली जाते, गादी, बादली, इस्त्री घेतली जाते, निघताना देवाला सांगणं होतं. आणि पुढची दोन वर्षं ही मुलं रोज नेमकी दोन ते पाच झोपायची प्रॅक्टिस करतात.

माझ्या भाचीचंच सांगते. हुशार पोर, बारावीपर्यंत उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेली. पुण्यात सकाळची बॅच, सात ते साडेबारा. दीडपर्यंत मेसमधलं जेवण, खोलीचे पडदे ओढायचे, चारही मुली आडव्या. पाचला उठायचं, चहा घ्यायचा, सातला अभ्यासाला बसायचं ते रात्री एकपर्यंत. सहाला पुन्हा गजर. तास मोजले तर झोप आठच्या वर भरते, म्हणून कोणाला काही वावगं वाटत नाही. पण रात्री पाच आणि दुपारी साडेतीन, अशा तुकड्यांची ती झोप. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून एवढं नक्की सांगते की दुपारी मरगळ येणं हा शरीराचा स्वभाव आहे, न जेवताही थोडी येतेच. रात्रीची झोप अपुरी आणि पोट भरलेलं असलं की ती दुप्पट होते. त्यात तीन तास गाढ झोपून उठलेला माणूस पुढचा अर्धा तास धड माणसात नसतो.

आणि हे मी गोव्यात बसून सांगतेय, जिथे दुपारी एक वाजला की दुकानदार शटर ओढतो! दुपारच्या झोपेची मी शत्रू नाही. पेपर संपू द्या, मग झोपा वर्षभर.

तर भाची. दर रविवारी टेस्ट, खऱ्या पेपरसारखीच दुपारी दोनला. रविवारी मेसला दुपारी फीस्ट असते, म्हणजे पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. आणि रात्री मेस बंद! म्हणून मुली दुपारीच रात्रीचंही जेवून घेतात. हे मला एकदा फोनवर सहज बोलता बोलता कळलं. तिच्या वडिलांना क्लासकडून एसएमएस यायचा तो फक्त एक आकडा. 359. पुढच्या आठवड्यात तेवढेच, वर-खाली. "लक्ष नाही हिचं," हे त्यांचं निदान. अहो, लक्ष कुठे नाही ते तरी बघा!

मी तिला म्हटलं, बाय, मला पूर्ण रिपोर्ट पाठव, विषयवार. तिने पाठवला. बायोलॉजीच्या 90 पैकी 86 सोडवले, 68 बरोबर, 18 चूक, 254 मार्क. केमिस्ट्रीचे 41 सोडवले, 24 बरोबर, 17 चूक, 79 मार्क. आणि फिजिक्सच्या 45 पैकी तब्बल 44 सोडवलेले, त्यात 14 बरोबर, 30 चूक. बरोबरला चार, चुकीला वजा एक, म्हणजे 56 वजा 30. हातात 26.

ज्या मुलीला फिजिक्स येत नाही ती प्रश्न सोडून देते. हिने 44 गोळे काळे केलेत. "फिजिक्स कितीला घेतेस?" "शेवटी, मावशी. चारच्या पुढे. तोवर अक्षरं पोहायला लागतात, मग वाचायचा कंटाळा येतो आणि ठोकत जाते."

हे त्या एसएमएसमध्ये कुठे दिसणार होतं?

तुम्ही म्हणाल, तुक्का मारण्यात नुकसान नाही. हिशेबाने नाहीच, मान्य. चार आंधळे तुक्के मारले तर सरासरी एक लागतो, चार मिळतात, तीन जातात. पण हिचे ते काही न येणाऱ्या प्रश्नांचे तुक्के नव्हते. जे येत होते तेही न वाचता ठोकलेले होते. पूर्वी पर्यायी प्रश्न होते, वीस मिनिटं जास्त मिळायची. 2025 पासून दोन्ही गेलं. आता 180 मिनिटांत 180 प्रश्न, म्हणजे शेवटच्या तासाला पेंगणं कोणालाच परवडत नाही.

मग काय केलं? नवीन क्लास लावला नाही, नवीन पुस्तक घेतलं नाही. रात्री अकराला दिवा बंद. दुपारी जेवून वीस मिनिटं पडायचं, गजर लावून, आणि दोनच्या आत खोलीच्या बाहेर. खोलीत राहिलं तर तिघी झोपलेल्यांमध्ये चौथी जागी राहूच शकत नाही. क्लासखालच्या अभ्यासिकेत जाऊन दोन ते पाच फक्त फिजिक्सची गणितं, घड्याळ लावून. पहिले काही दिवस ती टेबलावर डोकं ठेवून झोपली आणि मला फोन करून रडली. वडील म्हणाले, "बघा, बिघडवलंत पोरीला." मी गप्प बसले. (माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल, ओळखणारे ओळखतील.)

रविवारची युक्ती तिचीच. मेसवाल्या काकूंना सांगून अर्धी पुरी-भाजी आणि श्रीखंड डब्यात भरून घ्यायची. दुपारी थोडा भात आणि ताक, डबा रात्रीला. टेस्टला पोट हलकं आणि रात्री वडापाव शोधत फिरणं बंद.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट आला. फिजिक्सचे फक्त 27 सोडवलेले, 18 बरोबर, 9 चूक, 63 मार्क. बाकी दोन विषय जवळपास तिथेच. कमी प्रश्न सोडवून दुपटीच्या वर. एवढ्याने बांबोळीला गोमेकॉत सीट मिळते असं मी म्हणत नाही, कोणी तसं वाचू नये. तिला फिजिक्स अजून खूप करायचंय. पण आता निदान कळतं की येत काय नाही आणि झोपेत काय गेलं.

पुण्यात स्पर्धा मिळते, चांगले शिक्षक मिळतात, हेही खरं आहे. पाठवा की. पण क्लास सकाळचा की दुपारचा, मेस रविवारी रात्री चालू की बंद, रात्री दिवे कधी बंद होतात, हे फी भरायच्या आधी विचारायला काय जातं? आपण विचारतो एसी आहे का.

फीवरून आठवलं. दोन वर्षांची एकदम भरलेल्यांनी पावत्या जपून ठेवा. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की मूल मध्येच निघालं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, क्लासचंच हॉस्टेल असेल तर तिथली आणि मेसचीही. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट घेऊ नये, हेही त्यातच आहे. अंमलबजावणी राज्यांकडे, त्यामुळे पैसे सहज हातात पडतील अशा भ्रमात राहू नका. पण कागद दाखवून बोललं की सूर बदलतो.

सकाळच्या त्या गृहस्थांचा राग आता थोडा उतरलाय. ते दाबोळीपलीकडे कुठे गेलेले नाहीत, पोरीसाठी रात्रभर बसमधून चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे पुणे गाठलं. त्यांना मी उद्या पुन्हा गाठणार आहे. एवढंच सांगणार की भाऊ, रविवारी रात्री फोन करून "किती पडले" विचारू नका. सोमवारी करा, आणि विचारा की काल चार वाजता तू कुठल्या विषयावर होतीस.