१.२ किलोओहमच का? उन्हाच्या मीटरवरच्या आक्षेपाला उत्तर

"उन्हाच्या मीटरमध्ये तुम्ही फीडबॅक रेझिस्टर फक्त १.२ किलोओहमचा सांगितलाय, हे पटत नाही. डेटाशीटमध्ये बीपीडब्ल्यू ३४ चा करंट १००० लक्सला ७० मायक्रोअँपिअर दिलाय. त्यावरून ३.३ व्होल्टसाठी ४७ किलोओहम निघतो. तुमच्या रेझिस्टरने घरात आकडा हलतही नाही, ४७ किलोओहमने टेबलावर मस्त रीडिंग येतं. शिवाय रेझिस्टर मोठा तर नॉइज कमी. मग एवढा सिग्नल वाया का घालवायचा?" (एक वाचक, भुसावळ)

भाऊ, या मीटरमध्ये बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड उजेडाच्या प्रमाणात करंट देतो, ऑप-अँप फीडबॅक रेझिस्टरवाटे त्याचं व्होल्टेज करतो आणि आर्डुइनो ते वाचतो. तुमचा भागाकार बरोबर आहे. अडचण आहे ती त्यात घातलेल्या करंटची. डेटाशीटमधले ७० मायक्रोअँपिअर ही कंपनीने चाचणीसाठी ठरवलेल्या एका उजेडातली किंमत आहे. रेझिस्टर निवडताना आपल्याला लागतो तो आपल्या जागी पडणारा जास्तीत जास्त करंट. हा मीटर केळीच्या बागेच्या बांधावर, खांबावर बसणार आहे. जळगाव-भुसावळ २१ अंश अक्षांशावर येतं, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हाच्या स्वच्छ उन्हात उजेड साधारण एक लाख लक्स असतो, तुमच्या १००० लक्सच्या शंभरपट.

मग ७० ला शंभराने गुणून ७ मिलिअँपिअर धरायचे का? तेही नाही. डेटाशीटमधली चाचणी तापलेल्या टंगस्टन तारेसारख्या उजेडात केलेली असते. त्यात डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड भरपूर असतं, लक्स मोजताना ते धरलं जात नाही आणि सिलिकॉनला मात्र ते चांगलं दिसतं. उन्हात तेवढ्याच लक्समागे इन्फ्रारेड बरंच कमी. म्हणून अशा ठिकाणी लक्स सोडून पॉवरवरून हिशोब करावा. कडक ऊन म्हणजे चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. या फोटोडायोडचं क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे त्यावर पडतात ७.५ मिलिवॅट. उन्हाच्या सगळ्या रंगांचा मिळून सिलिकॉन एका वॅटमागे साधारण ०.३ ते ०.४ अँपिअर देतो. यावरून करंट निघतो २ ते ३ मिलिअँपिअर.

हा अंदाज मल्टिमीटरने तपासता येतो आणि तपासावाच. भर दुपारी डायोड आडवा ठेवून त्याची दोन टोकं मीटरच्या मिलिअँपिअर रेंजला जोडायची. मात्र २०० मिलिअँपिअरची रेंज लावा. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये मीटरच्या आतला शंट मोठा असतो, त्यावर डायोडचंच व्होल्टेज चढतं आणि करंट कमी दिसतो. मला २.४ मिलिअँपिअर मिळाले. त्यावर मी पाव हिस्सा वाढवून ३ मिलिअँपिअर धरले, कारण जूनमध्ये ढग फुटके असताना ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला उजेड थेट उन्हात मिसळतो आणि काही सेकंद स्वच्छ उन्हापेक्षाही जास्त रीडिंग येतं.

आता स्विंग, म्हणजे ऑप-अँपचं आउटपुट खाली-वर कुठपर्यंत जाऊ शकतं ते. सप्लाय ५ व्होल्टचा आहे म्हणून आउटपुटला पूर्ण ५ व्होल्ट मिळतील असं धरू नये. एमसीपी ६००२ हा रेल-टू-रेल ऑप-अँप आहे, पण डेटाशीटमधलं ते वचन हलक्या लोडसाठी असतं. इथे डायोडचा सगळा करंट आउटपुटमधूनच रेझिस्टरवाटे द्यावा लागतो, म्हणून वरची मर्यादा मी ४.५ व्होल्ट धरतो. खालीही आउटपुट अगदी शून्याला टेकत नाही. त्यासाठी नॉन-इन्व्हर्टिंग पिनला ४७ किलोओहम आणि १ किलोओहमच्या डिव्हायडरने सुमारे ०.१ व्होल्ट दिलेत. डायोडचा अ‍ॅनोड ग्राउंडलाच ठेवायचा, कॅथोड इन्व्हर्टिंग पिनला. अंधारात आउटपुट ०.१ वर बसतं आणि उजेड वाढला की वर चढतं.

```
Rf = (Vmax - Vmin) / Imax
   = (4.5 - 0.1) / 0.003
   = 1467 ohm
```

इथे नेहमी खालची किंमत घ्यायची. १.५ किलोओहम जवळ दिसतो, पण ३ मिलिअँपिअरला तो आउटपुट ४.६ वर नेतो. १.२ किलोओहमने ३.७ व्होल्ट येतात आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. एलएम ३५८ वापरलात तर हिशोब पुन्हा करा. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साधारण साडेतीनच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे १ किलोओहम लागेल.

तुमच्या ४७ किलोओहममधून ५ व्होल्टचा सप्लाय फार तर १०० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट देऊ शकतो, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या चार टक्के. सकाळी ऊन जरा वर आलं की आउटपुट वरच्या टोकाला चिकटेल ते संध्याकाळपर्यंत. तो आकडा स्थिर असतो, त्यामुळे मीटर नीट चालतोय असं वाटतं, आणि हाच खरा धोका आहे. ओळखायचं कसं? पिन २ वर, म्हणजे इन्व्हर्टिंग पिनवर, व्होल्टमीटर लावा. ऑप-अँप ताब्यात असेल तर तिथे नॉन-इन्व्हर्टिंग पिन ३ इतकेच, ०.१ व्होल्ट दिसतात. सॅच्युरेट झाला असेल तर रेझिस्टरवाटे पुरेसा करंट येत नाही, उरलेला करंट डायोड स्वतःतूनच फॉरवर्ड दिशेने जिरवतो आणि पिन २ शून्याच्या खाली, उणे ०.४ ते ०.५ व्होल्टच्या आसपास जाते. असं दिसलं तर आउटपुटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

नॉइजचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. सिग्नल रेझिस्टरच्या प्रमाणात वाढतो, थर्मल नॉइज वर्गमुळाच्या प्रमाणात. ३९ पट रेझिस्टर घेतला तर सुमारे सहापट फायदा. पण या मीटरमध्ये नॉइज आड येतच नाही. पूर्ण १ मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ धरली तरी ऑप-अँपचा नॉइज काही दहा मायक्रोव्होल्ट, आणि रीडिंग घेणाऱ्या आर्डुइनोच्या १० बिटांची एक पायरी ४.९ मिलिव्होल्ट. म्हणजे नॉइज पायरीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ती एक पायरी म्हणजे ४ मायक्रोअँपिअर. दुपारच्या उन्हात सहाशेच्या जवळ पायऱ्या मिळतात, बागेसाठी तेवढ्या पुरेत. घरातल्या एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, ५०० लक्सलाही करंट ४-५ मायक्रोअँपिअरच. म्हणून तुमचा आकडा हलला नाही.

तुम्हाला मोठाच रेझिस्टर हवा असेल तर आधी उजेड कमी करा. डायोडवर पांढऱ्या टेफ्लॉनची चकती बसवली आणि समजा तिने करंट वीसपट कमी केला, तर कमाल १५० मायक्रोअँपिअर येईल. ४.४ भागिले १५० मायक्रो म्हणजे सुमारे २९ किलोओहम, घ्यायचा २७ किलोओहम. स्विंग तसाच राहतो, ऑप-अँपवरचा लोड उतरतो आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचं रीडिंगही सुधारतं. मात्र चकतीच्या जाडीप्रमाणे हा वीसचा आकडा बदलतो, म्हणून ती बसवून दुपारी शॉर्ट-सर्किट करंट पुन्हा मोजा आणि मगच रेझिस्टर ठरवा. घरातल्या उजेडासाठी मात्र ही चकती उलटी पडेल. तिथे ती काढून ४७ किलोओहमची वेगळी रेंज स्विचने जोडावी लागेल.

जोडणी झाल्यावर चकतीविना १.२ किलोओहमवर, स्वच्छ दुपारी, आउटपुटला ३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि पिन २ वर ०.१. तुमच्याकडे हे दोन आकडे किती येतात ते इथेच लिहा.