निर्यातदाराची डॉलरमधली बाकी आणि ३१ मार्च: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मार्च संपत आला की मुंबईतल्या निर्यातदारांच्या आणि त्यांच्या अकाउंटंटांच्या व्हॉट्सॲप गटांवर हा संदेश फिरू लागतो:

«एक्स्पोर्टवाल्यांनो, ३१ मार्चला डॉलरच्या येण्याचं रिव्हॅल्युएशन करत बसू नका. पैसे हातात आले नाहीत तर नफा कसला? शिपिंग बिलावरचा रेट पकडा आणि पैसे आले की बँकेच्या रेटने फरक टाका. फॉरवर्ड घेतलं असेल तर रेट लॉक, विषय संपला. आणि करायचंच असेल तर पार्टी लेजरच्या सगळ्या बाकीला सॉफ्टवेअरमधून एकच क्लोजिंग रेट मारा, ऑडिटर गप्प बसतो.»

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो. अंधेरीत कार्यालय असलेली आणि न्हावा शेवाहून रंगरसायने पाठवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घ्या, जिला मोठ्या व सूचीबद्ध कंपन्यांसाठीची इंड एएस ही लेखामानके नव्हे तर परकीय चलनाच्या हिशोबाचे लेखामानक ११ लागू आहे. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. कंपनीने १० फेब्रुवारीला १,००,००० डॉलरचे इन्व्हॉइस केले. त्या दिवशीचा दर ८३.०० रुपये, म्हणजे विक्री ८३,००,००० रुपये. ३१ मार्चचा दर ८४.२०. पैसे मे अखेरीस आले, तेव्हा बँकेने ८३.६० चा दर दिला.

पहिला मुद्दा न मिळालेल्या नफ्याचा. कंपनीची पुस्तके कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार उपार्जन पद्धतीनेच ठेवावी लागतात, त्यामुळे पैसे हातात आले का हा प्रश्न विक्रीच्या वेळीच मागे पडलेला असतो. विक्रीही उधारीवरच नोंदली होती. लेखामानक ११ सांगते की मौद्रिक बाब, म्हणजे ठरावीक परकीय चलनात मिळायची किंवा द्यायची रक्कम, ताळेबंदाच्या तारखेच्या दराने दाखवायची आणि फरक त्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात न्यायचा. आपल्या उदाहरणात येणे ८४,२०,००० रुपये होते आणि १,२०,००० रुपयांचा विनिमय नफा या वर्षी येतो. मे महिन्यात ८३,६०,००० रुपये आले की पुढच्या वर्षी ६०,००० रुपयांचा तोटा पडतो. दोन्ही वर्षे मिळून ६०,००० रुपयांचा नफा, आणि संदेशाच्या पद्धतीनेही बेरीज तेवढीच येते. मग फरक कुठे पडला? मार्च अखेरीस रुपया घसरलेला होता आणि नंतर सावरला, ही दोन वेगवेगळ्या वर्षांतली घटना एका वर्षात दडपली गेली. दर उलट्या दिशेने गेला असता तर याच पद्धतीने १,२०,००० रुपयांचा तोटा पुढे ढकलला गेला असता, आणि बँकेला दिलेल्या ताळेबंदात येणे फुगलेले राहिले असते. संदेश लिहिणाऱ्याला नफ्यावरचा कर टाळायचा आहे असे दिसते. पण वूडवर्ड गव्हर्नर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वर्षअखेरीच्या पुनर्मूल्यांकनाचा तोटा वजावटीस मान्य केला आणि २०१८ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३एए घालून नफा व तोटा दोन्ही करहिशोबात घेतले. तोटा मागायचा आणि नफा सोडायचा, असे दोन्ही हातांनी घेता येत नाही.

दुसरा मुद्दा दराचा आहे आणि इथे लेखापरीक्षणात खरोखर वेळ जातो. शिपिंग बिलावर कस्टम्सचा अधिसूचित दर असतो. तो ठरावीक काळासाठी जाहीर होतो आणि निर्यातीसाठी आयातीपेक्षा कमी असतो. आपल्या मालासाठी तो ८२.२० होता असे धरा. तो दर पुस्तकात घेतला तर विक्री ८२,२०,००० रुपये दिसते आणि मार्च अखेरीस विनिमय नफा २,००,००० रुपये. एकूण उत्पन्न तेच, पण ८०,००० रुपये विक्रीतून निघून विनिमय नफ्यात जाऊन बसले. वर्षभरात अशी अनेक इन्व्हॉइसे असली की विक्रीचे प्रमाण आणि ढोबळ नफा दोन्ही कमी दिसतात, आणि रुपया स्थिर असलेल्या वर्षीही भरघोस विनिमय नफा दिसतो. परीक्षकाने पहिली शंका घ्यावी ती इथेच. पुस्तकासाठी व्यवहाराच्या तारखेचा दर लागतो. दरात मोठी हालचाल नसेल तर आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दर चालतो. बहुतेक कंपन्या एफबीआयएलचा संदर्भ दर घेतात, जो २०१८ च्या जुलैपासून रिझर्व्ह बँकेऐवजी ही संस्था जाहीर करते. मात्र मालाच्या निर्यातीचे जीएसटीतील मूल्य कस्टम्सच्या दरानेच धरायचे असते. म्हणून जीएसटी विवरणपत्र आणि पुस्तकातील विक्री यांत फरक राहणारच, आणि त्याचा ताळमेळ इन्व्हॉइसनिहाय एका तक्त्यात ठेवला नाही तर पुढच्या नोटिशीला उत्तर देताना धांदल उडते.

वर्षअखेरीचा दर कोणत्या दिवसाचा, हेही तपासावे लागते. ३१ मार्च २०२४ हा रविवार होता आणि २९ मार्चला गुड फ्रायडेची सुट्टी होती, त्यामुळे त्या वर्षी शेवटचा उपलब्ध संदर्भ दर २८ मार्चचा होता. अशा वर्षी एखाद्याने १ किंवा २ एप्रिलचा दर घेतलेला दिसला तर तो बदलून घ्यावा.

फॉरवर्ड कव्हरने, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायचे डॉलर आजच ठरलेल्या दराने बँकेला विकण्याच्या कराराने, पुनर्मूल्यांकन टळत नाही. त्यामुळे हिशोबात आणखी एक बाब येते. समजा वरच्याच इन्व्हॉइससाठी कंपनीने १ मार्चला १,००,००० डॉलर ३१ मेच्या वितरणासाठी ८४.१० ने विकले आणि त्या दिवशीचा स्पॉट म्हणजे चालू बाजारदर ८३.५० होता. ६० पैशांचा, म्हणजे ६०,००० रुपयांचा प्रीमियम कंपनीला मिळणार आहे. लेखामानक ११ नुसार, सट्ट्यासाठी नसलेल्या आणि पुस्तकात असलेल्या येण्याशी जोडलेल्या अशा कराराचा प्रीमियम कराराच्या मुदतीवर विभागायचा. तीन महिन्यांपैकी मार्च हा एकच महिना या वर्षात येतो, म्हणून २०,००० रुपये या वर्षी. येण्यावर १,२०,००० रुपयांचा नफा वरच्याप्रमाणेच. आणि डॉलर ८३.५० ला विकण्याचे ठरवून तो ८४.२० वर गेला म्हणून करारावर ७०,००० रुपयांचा तोटा. या वर्षीची बेरीज ७०,००० रुपये. मेमध्ये ८४,१०,००० रुपये आले की उरलेले ४०,००० रुपये पुढच्या वर्षी येतात, आणि ते बरोबर उरलेला प्रीमियम आहेत. मधल्या काळात बाजार कुठेही गेला तरी हा आकडा हलत नाही. «रेट लॉक» चा खरा अर्थ एवढाच. येण्याला थेट ८४.१० चा दर लावून मोकळे झाले तर १,१०,००० रुपये याच वर्षी येतात, म्हणजे पुढच्या वर्षीचे ४०,००० अलीकडे ओढले जातात.

त्याहून मोठी गफलत कराराची जोडणी न तपासण्यात असते. बँकेच्या कराराच्या यादीतील प्रत्येक फॉरवर्ड कोणत्या इन्व्हॉइसवर आहे हे विचारले की काही करार पुढच्या ऑर्डरींसाठी घेतलेले निघतात, ज्यांचा माल अजून गोदामातही नाही. अशांना वरील पद्धत लागू नाही. त्यांना २०१५ ची डेरिव्हेटिव्ह करारांवरची मार्गदर्शक टिप्पणी लागते आणि त्यांची बाजारमूल्याने दखल घ्यावी लागते. म्हणून येण्याची यादी आणि कराराची यादी एकमेकींसमोर ठेवून जुळवणी करावी. नुसत्या बँकेच्या पुष्टीपत्राने हे कळत नाही.

आता सॉफ्टवेअरने सगळ्या बाकीला एकच दर लावण्याविषयी. पार्टी लेजरच्या सगळ्या बाक्या एका जातीच्या नसतात, हे सॉफ्टवेअरला माहीत नसते. याच कंपनीच्या एका ग्राहकाने ५ जानेवारीला ४०,००० डॉलर आगाऊ पाठवले, तेव्हाचा दर ८२.८०, आणि माल एप्रिलमध्ये जायचा आहे. खात्यात ही जमा बाकी दिसते. सॉफ्टवेअर तिला देणे समजून ८४.२० लावते आणि ५६,००० रुपयांचा तोटा तयार करते. पण ही रक्कम डॉलरमध्ये परत द्यायची नाही, तिच्या बदल्यात माल द्यायचा आहे; म्हणून ती मौद्रिक बाब नाही आणि तिला हात लावायचा नाही. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत करायचे ठरले तरच ती मौद्रिक होते. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांत १ एप्रिल २०१८ पासून आगाऊ रकमेपुरती विक्रीही आगाऊ मिळाल्याच्या दिवसाच्या दरानेच ओळखली जाते. याउलट परदेशी एजंटाचे कमिशन हे खरे मौद्रिक देणे असते आणि ते बहुधा पुस्तकात नसतेच, कारण त्याचे बिल पैसे आल्यावर येते. आपल्या इन्व्हॉइसवर ३ टक्के कमिशन ठरले असेल तर ३,००० डॉलरचे देणे मार्च अखेरीच्या दराने उभे केले पाहिजे. ते येण्यातून वजा करून नक्त बाकीला दर लावला तर नफा बदलत नाही, पण ताळेबंदात दोन्ही बाजू खोट्या लहान दिसतात.

उरतात त्या जुन्या बाक्या, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत फसव्या त्याच. परीक्षकाने येण्याची यादी डॉलरच्या स्तंभासह मागवावी आणि बँकेकडच्या ईडीपीएमएसच्या, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का यावर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीतल्या, थकीत शिपिंग बिलांशी, तसेच एप्रिलपासून आलेल्या रकमांच्या बँक सूचनांशी ताडून पाहावी. यात दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे ३५-४० डॉलरच्या कित्येक तुटक बाक्या. परदेशी बँकेने वाटेत आपले शुल्क कापलेले असते, अकाउंटंटाने आलेली रक्कम तेवढी जमा केलेली असते, आणि उरलेले डॉलर दर वर्षी नव्या दराने वाढत राहतात. ते येणे नाहीच, बँक शुल्काचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट मोठी. दोन वर्षांपूर्वीच्या २०,००० डॉलरच्या येण्याचा खरेदीदार दिवाळखोरीत आहे, निम्मेच मिळतील असा अंदाज आहे, आणि कंपनीने गेल्या वर्षी ८२.०० च्या दराने ८,२०,००० रुपयांची तरतूद केलेली आहे. या वर्षी येणे ८४.२० ने १६,८४,००० रुपये झाले, पण तरतूद रुपयांत टाकलेली असल्यामुळे जागची हलली नाही. निव्वळ येणे ८,६४,००० रुपये दिसते. खरे तर आधी डॉलरमध्ये ठरवायचे, १०,००० डॉलर मिळणार, आणि मग दर लावायचा. उत्तर ८,४२,००० रुपये येते. बुडत्या येण्यावर २२,००० रुपयांचा जास्तीचा नफा केवळ क्रम उलटा झाल्याने निघाला. म्हणून तरतुदीचा तक्ता डॉलरच्या स्तंभाशिवाय समोर आला तर तो स्वीकारू नये.