क्रिएटिन व्हेज आहे का, आणि ते तपासायचं कसं

"क्रिएटिन मांसातून काढतात ना, मग शाकाहारी माणसाने ते कसं घ्यायचं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते, कारण बरेच लोक या शंकेपायी व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती ही चांगली पावडर घेत नाहीत आणि काही लोक उलट डब्यावर पुढे "व्हेगन" लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेतात, आणि मला दोन्ही चुकीचं वाटतं.

शंका येण्याचं कारण खरं आहे. शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये क्रिएटिन शोधलं ते मांसाच्या अर्कातूनच, आणि आहारातून ते मिळतं तेही मांस आणि मासे यातूनच, वनस्पतींमध्ये जवळपास नसतंच. आपलं शरीर स्वतःही रोज एक ग्रॅमच्या आसपास बनवतं, पण मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये साठा साधारणपणे कमी असतो, म्हणजे ज्यांना या पावडरचा उपयोग जास्त व्हायची शक्यता आहे नेमके तेच लोक शंका घेऊन लांब बसलेत, हे मला खटकतं.

आता डब्यातली पावडर मांसातून येते का ते बघू. एक किलो कच्च्या मांसात क्रिएटिन असतं साधारण चार ते पाच ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅमचा एक डबा भरायचा तर काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी साठेक किलो मांस लागेल, आणि मग त्यातून इतर सगळं वेगळं करत बसायचं. हा उद्योग कोणाला परवडणार? बाजारातली पावडर फॅक्टरीत बनते, आणि सगळ्यात जास्त वापरात असलेली पद्धत अगदी सरळ आहे. सार्कोसिनचं सोडियम मीठ पाण्यात असतं, त्यात सायनामाइड घालतात, अल्कधर्मी पाण्यात हलकी उष्णता देतात आणि क्रिएटिन तयार होतं. ते गार पाण्यात फारसं विरघळत नाही त्यामुळे थंड केलं की खडे होऊन खाली बसतं, मग गाळायचं, धुवायचं, वाळवायचं, झालं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे डब्यात मिळते ती पावडर. सार्कोसिन हे नाव ऐकून पुन्हा कोणी दचकतं कारण ते प्राण्यांच्या स्नायूतही असतं, पण कारखान्यातलं सार्कोसिन मिथाइलअमाइनसारख्या साध्या रसायनांपासून करतात, आणि सायनामाइडची सुरुवात चुनखडी, कोळसा आणि हवेतला नायट्रोजन इथून होते. या अख्ख्या साखळीत प्राणी कुठेच नाही. वनस्पतीही नाही, हे पण लक्षात घ्या, म्हणून डब्यावर "प्लांट बेस्ड क्रिएटिन" लिहिलेलं दिसलं की मी सावध होते, कारण ज्याने ते लिहिलं त्याला माल कसा बनतो ते माहीत नाही किंवा सांगायचं नाहीये.

हे कागदावर तपासता येतं आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. कंपनीकडे त्या बॅचचा अॅनालिसिस रिपोर्ट मागा, ज्याला सगळे सीओए म्हणतात. त्यात शुद्धता आणि जड धातूंच्या खाली दोन नावं शोधायची, डायसायनडायमाइड आणि डायहायड्रोट्रायझिन. सायनामाइडचे दोन रेणू एकमेकांना चिकटले की डायसायनडायमाइड होतं आणि डायहायड्रोट्रायझिनही याच रिअॅक्शनमधलं नको असलेलं उत्पादन आहे. म्हणजे ही तपासणी करायची गरजच सिंथेटिक मालाला असते, मांसातून काढलेल्या क्रिएटिनमध्ये यांना शोधायचं काही कारण नाही. क्रिएटिनिनचा आकडा मात्र यात धरू नका, ते क्रिएटिन मोडूनही होतं आणि मांसातही असतं, त्यामुळे त्यावरून उगम कळत नाही. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि डब्यावरचा बॅच नंबर एक आहे ना हे आधी बघा, कारण जुन्या कुठल्यातरी बॅचचा एकच सुंदर रिपोर्ट वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठवत राहणं फार सोपं आहे.

पण हा रिपोर्ट फक्त पावडरबद्दल बोलतो आणि खरा घोळ पुढे आहे. माझी मामेबहीण पक्की व्हेगन आहे, तिने मला एका क्रिएटिन कॅप्सूलच्या डब्याचे फोटो पाठवले, पुढे मोठ्या अक्षरात "व्हेगन क्रिएटिन". मी म्हटलं मागची बाजू पाठव. घटकांत होतं क्रिएटिन मोनोहायड्रेट, मग जिलेटिन, मग मॅग्नेशियम स्टिअरेट. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं, ते कॅप्सूलचं कवच. मोठ्या साइझच्या एका कवचात साधारण १२० मिलिग्रॅम जिलेटिन असतं आणि तीन ग्रॅम क्रिएटिनसाठी रोज चार कॅप्सूल सांगितल्या होत्या, म्हणजे रोज जवळपास अर्धा ग्रॅम जिलेटिन पोटात. पुढची ओळ शब्दशः खोटी नव्हती, क्रिएटिन व्हेगनच होतं, पण कॅप्सूल साधी व्हेजसुद्धा नव्हती! मला याचा खरंच राग येतो, घेणारा माणूस अख्खी गोळी गिळतो, त्यातलं एक रसायन निवडून नाही.

मॅग्नेशियम स्टिअरेटचं वेगळं आहे, ते पामसारख्या तेलापासूनही होतं आणि चरबीपासूनही, नुसत्या नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं. तेच गमीजचं, त्यात जिलेटिन आहे का फळांपासूनचं पेक्टिन ते बघा. फ्लेवरवाल्या पावडरीत लाल गुलाबी रंगासाठी कार्माइन, म्हणजे ई १२०, असू शकतं आणि ते किड्यापासून बनतं. मिक्समध्ये व्हे, म्हणजे दुधातलं प्रथिन, असेल तर व्हेज चालेल पण व्हेगन नाही, आणि डी३ जीवनसत्त्व टाकलेलं असेल तर ते बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून असतं. "दुधाचे अंश असू शकतात" ही ओळ मात्र घटक सांगत नाही, त्याच मशीनवर दुसरा मालही भरला जातो एवढंच ती सांगते, ते चालवायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण अॅलर्जी असेल तर तिथे निर्णयाचा प्रश्न नाही, घ्यायचंच नाही.

सर्टिफिकेटबद्दल एकच गोष्ट सांगते, ते कशाला दिलंय ते वाचा. कच्चा माल विकणाऱ्याचं व्हेगन सर्टिफिकेट वेगळं आणि तुमच्या हातातल्या तयार प्रॉडक्टचं वेगळं, आणि विक्रेते पहिलं दाखवून दुसऱ्याचं काम भागवतात. व्ही-लेबल नावाच्या सर्टिफिकेटमध्ये तर व्हेजिटेरियन आणि व्हेगन असे दोन प्रकार आहेत, लोगो सारखाच दिसतो म्हणून खालचा शब्द वाचायचा. व्हेगन सोसायटीच्या सूर्यफूलवाल्या चिन्हात प्राण्यांवर चाचणी न करण्याची अटही येते, ज्यांना तेही महत्त्वाचं वाटतं त्यांच्यासाठी सांगितलं. लोगो कोणीही छापू शकतो त्यामुळे संस्थेच्या साइटवर नेमकं तेच प्रॉडक्ट सापडतंय का बघा, नुसती कंपनी सापडून उपयोग नाही.

बहिणीने मग कंपनीला मेल केला, मजकूर मीच लिहून दिला, कोणालाही वापरता येईल: "या बॅच नंबरच्या डब्यातलं क्रिएटिन कोणत्या कच्च्या मालापासून बनलंय, कॅप्सूलचं कवच कशाचं आहे, स्टिअरेट वनस्पतीचं का प्राण्याचं, आणि या तयार प्रॉडक्टचं सर्टिफिकेट आहे का?" उत्तर आलं, "आमचं क्रिएटिन शंभर टक्के व्हेगन आहे." चार प्रश्न, त्यातल्या एकाचंही उत्तर नाही. तिने डबा परत केला आणि विनाफ्लेवर साधी पावडर घेतली, जिच्या घटकांत एकच नाव आहे. मीही विचारणाऱ्या प्रत्येकाला तीच सुचवते, एकच घटक असला की तपासायला एकच गोष्ट उरते. कॅप्सूलच हवी असेल तर घटकांत हायप्रोमेलोज किंवा पुलुलान लिहिलेलं शोधा, ती दोन्ही कवचं प्राण्यांची नसतात, आणि नवीन डबा आणला की मागची बाजू परत वाचा, कारण पुढचं लेबल तेच ठेवून कवच बदललेलं असू शकतं.