"एवढं एक करून टाक ना" या वाक्याला लेखी उत्तर

फ्रीलान्स काम करणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. "एवढं एक करून टाक ना, पाच मिनिटांचं काम आहे." बहुतेक वेळा म्हणणाऱ्याच्या मनात खरंच काही वाईट नसतं. बाहेरून ते पाच मिनिटांचंच दिसतं.

मी वेबसाइट बनवते. सुरुवातीच्या काळात एका कामात मी अशी अकरा "एवढी एक" कामं हसतमुखाने केली आणि शेवटी सगळ्यांचं मिळून बिल पाठवलं. क्लायंट भडकला. त्या वेळी मला तो अप्पलपोटा वाटला होता. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. पैसे लागणार हे मी एकदाही सांगितलं नव्हतं, आणि काम हातात पडल्यावर सांगितलेला भाव कुणालाही फसवणूकच वाटते. काम करायच्या आधी भाव कळला असता तर त्याने अकरातली सात कामं सोडून दिली असती. मी त्याचा निवडीचा हक्कच काढून घेतला होता.

तेव्हापासून ठरवलेल्या कामाबाहेरचं काही आलं की मी चेंज रिक्वेस्ट पाठवते. नाव भारदस्त आहे, पण असतो तो एक साधा ईमेल. नवीन काय मागितलंय, ते मूळ कामात का बसत नाही, त्याला किती पैसे आणि किती दिवस लागतील, आणि कधीपर्यंत कळवायचं. मात्र तो कसा लिहायचा यात बरंच काही आहे, म्हणून एक खरं उदाहरण देते.

काम होतं पाच पानांची साइट, एक संपर्क फॉर्म, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या. माझा हिशोब ६० तासांचा, मुदत सहा आठवडे. हे सगळं कोटेशनमध्ये लिहिलेलं. तिसऱ्या आठवड्यात कॉलवर मॅडम म्हणाल्या, "साइट दुसऱ्या भाषेतही करूया. मजकूर आम्ही देतो, तुम्ही फक्त टाकायचा."

त्या "फक्त टाकायचा"मध्ये काय काय दडलेलं असतं ते आधी स्वतःसाठी कागदावर मांडावं लागतं. भाषा बदलायचं बटण आणि दुसरा मेनू, ४ तास. पाच पानांचा मजकूर बसवणं, ५ तास. फॉर्म आणि त्यातल्या "हा रकाना भरा" छापाच्या सूचना, ज्या कुणालाच आठवत नाहीत, २ तास. दुसऱ्या भाषेत वाक्यं लांब होतात, त्यामुळे मोबाइलवर मांडणी तुटते, ती सांधायला ३ तास. सगळं दोन्ही भाषांत तपासायला २ तास. एकूण १६. म्हणजे मूळ कामाच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्तच. हे मांडेपर्यंत मलाही ते सहा-सात तासांचं वाटत होतं! कॉलवर लगेच आकडा सांगितला असता तर मीच खड्ड्यात गेले असते. म्हणून कॉलवर एवढंच म्हणाले, "करता येईल. वेळ आणि खर्च उद्या लिहून पाठवते."

दुसऱ्या दिवशीचा ईमेल असा होता:

"नमस्कार मॅडम,
कालच्या कॉलमध्ये आपण साइट दुसऱ्या भाषेतही हवी असं म्हणालात. आपल्या ठरलेल्या कामात एका भाषेतली पाच पानं आहेत (कोटेशन, मुद्दा २), त्यामुळे हे काम वेगळं धरावं लागेल. तीन पर्याय देते.
१. पाचही पानं दोन्ही भाषांत: १६ तास, साइट ८ कामाचे दिवस उशिरा.
२. फक्त मुख्य पान आणि संपर्क पान दोन्ही भाषांत: १० तास, ५ कामाचे दिवस उशिरा.
३. आत्ता काही न बदलता साइट ठरल्या तारखेला सुरू करायची आणि दुसरी भाषा नंतर स्वतंत्र काम म्हणून घ्यायची. तेव्हा मेनू पुन्हा उघडावा लागेल, म्हणून तास थोडे वाढतील.
दर कोटेशनमधलाच आहे, प्रत्येक पर्यायाची रक्कम सोबतच्या तक्त्यात आहे. मेनूचं काम सोमवारी सुरू होतंय, म्हणून शुक्रवारपर्यंत पर्याय कळवलात तर बरं होईल. तोपर्यंत मूळ काम ठरल्याप्रमाणे चालू ठेवते."

यात "माफ करा" कुठेच नाही, हे मुद्दाम. आपण चूक केलेली नसताना माफी मागितली की समोरच्याला वाटतं रक्कम कमी होऊ शकते. "आपण सतत कामं वाढवताय" हेही नाही. मनात कितीही असलं तरी. तक्रार आणि दरपत्रक एका पत्रात आलं की माणूस तक्रारीलाच उत्तर देतो, दर बाजूला राहतो.

दुसऱ्या पर्यायात पानं निम्म्याहून कमी झाली, पण तास १६ वरून १० वरच आले. त्यावर मॅडमचा फोन आलाच. बटण, मेनू आणि फॉर्म दोन पानांसाठीही तेवढेच करावे लागतात, हे तक्ता उघडून दाखवल्यावर त्यांना पटलं. तासांची फोड सोबत नसती तर तो फोन घासाघिशीचा झाला असता.

ईमेलच्या शेवटच्या वाक्याबद्दल मी फार आग्रही आहे. उत्तर आलं नाही तर काय होणार, ते पत्रातच असावं. नाहीतर क्लायंट दोन आठवडे गप्प बसतो आणि मग विचारतो, "ते भाषेचं कुठवर आलं?" होकारही लेखीच हवा, आणि पैसे मंजूर करणाऱ्याचा हवा. ऑफिसातल्या उत्साही ज्युनिअरने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, त्यावर काम सुरू केलं आणि नंतर साहेबांनी "मला कुणी विचारलं?" म्हटलं, हेही माझ्या बाबतीत घडून गेलंय.

दोन ठिकाणी मात्र हे पत्र पाठवायचं नाही. फॉर्ममधून ईमेल जात नसेल तर ती माझी चूक, तिची दुरुस्ती फुकटच. आणि मूळ कोटेशनमध्येच "आवश्यक ती पानं" असं ढिसाळ लिहिलं असेल तर वाद घालायला जागाच उरत नाही. तिथे मी निम्मा भार स्वतः उचलते आणि पुढच्या कोटेशनमध्ये पानांची नावं लिहिते.

आणि खरोखर पाच मिनिटांची कामं? ती मी करते. पण तीही इनव्हॉइसमध्ये लिहिते: "फूटरमधला पत्ता बदलला, पाऊण तास, सवलत १०० टक्के." (पाच मिनिटांचं काम पाऊण तासाचं का झालं, ते विचारू नका.) न लिहिता केलेलं फुकट काम कुणाला दिसत नाही, आणि पुढच्या वेळी तोच दर धरला जातो.

मॅडमनी गुरुवारी उत्तर दिलं, "पर्याय २, रक्कम मान्य." महिन्याभराने उरलेल्या तीन पानांसाठी पुन्हा ईमेल आला. त्यात मजकूर जोडलेला होता आणि खाली विचारलं होतं, "याचे किती तास धरू?"