पैसे अडकले म्हणून सर्चमधला पहिला नंबर फिरवू नका

«पेमेंट फेल होऊन पैसे कापले गेले तर २४ तासांच्या आत कस्टमर केअरला फोन करा, नाहीतर पैसे बुडतात. गूगलवर सगळ्यात वर येणारा नंबर व्हेरिफाइड असतो. ओटीपी सांगू नका, म्हणजे काही धोका नाही. सर्वांना पाठवा.»

हा संदेश आमच्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो तत्परतेने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा मुदतीचा. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक याबाबत पुरेसे स्पष्ट आहे. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे आपल्या खात्यातून गेले, पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला किंवा कंपनीला केलेल्या पेमेंटची खात्री तिकडे पोहोचली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. समजा, सोमवारी विजेच्या बिलाचे १,८४० रुपये कापले गेले आणि बिल भरल्याची नोंद झाली नाही. मग शनिवारपर्यंत ते खात्यात परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची आहे, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. म्हणजे पहिल्या २४ तासांत फोन केला नाही म्हणून पैसे बुडतात, हे निव्वळ खोटे आहे. ही खोटी घाईच भामट्यांच्या पथ्यावर पडते, कारण घाबरलेला माणूस नंबर कुणाचा आहे हे पाहत बसत नाही.

सगळ्यात वरच्या नंबराबद्दल फार लिहायची गरज नाही. वर येणारा निकाल पैसे मोजून दिलेली जाहिरात असू शकतो. गूगलच्या नकाशावरील नोंदीत तर कुणीही बदल सुचवू शकतो. २०१८ साली याच मार्गाने बँकेच्या शाखांचे नंबर बदलून लोकांना गंडवल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. मोठ्या कंपनीचे कस्टमर केअर म्हणून दहा आकडी मोबाइल नंबर दिसला, तर तिथेच थांबावे. मात्र १८०० ने सुरू होणारा नंबर दिसला म्हणून तो खराच, असेही समजू नये.

खरा घात करणारे वाक्य ओटीपीचे आहे, कारण हल्ली ओटीपी तोंडाने विचारावाच लागत नाही. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो, «रिफंड प्रोसेस करतो» म्हणतो आणि आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे AnyDesk सारखे अ‍ॅप घ्यायला लावतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर .apk ने संपणारी फाइल, म्हणजे अ‍ॅपच, पाठवतो. स्क्रीन एकदा त्याला दिसू लागली की वर झळकलेला ओटीपीचा मेसेज तो स्वतःच वाचतो. दुसरी चाल याहून साधी आहे. अगम्य अक्षरांचा एक मेसेज पाठवून तो «जसाच्या तसा या नंबरावर फॉरवर्ड करा» असे सांगितले जाते. आपल्या सिमवरून असा मेसेज गेला की भामट्याच्या फोनमधल्या यूपीआय अ‍ॅपला वाटते, हा मोबाइल नंबर याच फोनमध्ये आहे. मग «पडताळणीसाठी» डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत विचारली जाते. नवा यूपीआय पिन तयार करायला ही माहितीही लागते. तिसरी चाल पैसे परत घेण्यासाठी पिन टाकायला लावण्याची. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, तो पैसे जाताना लागतो.

खऱ्या मदतीला एवढे काही लागत नाही. अ‍ॅपच्या व्यवहारांच्या यादीत तोच व्यवहार उघडावा, तेथील मदतीच्या पर्यायातून तक्रार नोंदवावी आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. बँकेशी बोलायचेच असेल, तर नंबर डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकात असतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

त्या संदेशातली घाई एकाच ठिकाणी लागू पडते, एवढे मान्य करावे लागेल. खोट्या नंबरावर फोन होऊन खात्यातून पैसे गेलेच असतील, तर २४ तासही थांबू नये. फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी, आणि बँकेला खाते, कार्ड व यूपीआय बंद करायला सांगावे. पैसे पुढच्या खात्यात पडून असेपर्यंतच ते गोठवता येतात, आणि ते तिथून काढले जायला फार वेळ लागत नाही.