सात बदामांना उत्तर

घुम्या माणसाचं प्रेम खरं आहे की नाही हे ठरवायला त्याचा चॅट हा फार वाईट पुरावा आहे. कोर्टात दाखल केला तर आरोपी पहिल्याच तारखेला आत जाईल. एका बाजूला परिच्छेदच्या परिच्छेद, दुसऱ्या बाजूला ‘हो’, ‘बरं’, ‘निघालो’, ‘पोचलो’. त्रयस्थ माणसाला वाटावं की कुणीतरी अतिशय भावुक बाई एका रेल्वेच्या वेळापत्रकाशी संसार करते आहे.

मी जन्मजात घुम्या पक्षाचा, त्यामुळे भरभरून आलेल्या मेसेजला उत्तर कसं द्यावं हे पुढचं सगळं पक्षाच्या हितासाठी आहे. सोयीसाठी लिहिणारी ‘ती’ आणि घुमा ‘तो’ धरू. उलट्या जोड्याही भरपूर असतात, नियम तेच.

रात्री साडेअकराला असा मेसेज येतो:

“ऐक ना, आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं होतं. हात अक्षरशः थरथरत होते रे. मग सकाळी तू जे म्हणालास ते आठवलं आणि एकदम शांत झाले. सगळं मस्त झालं! तुला कळतं का तू माझ्यासाठी काय आहेस? तू नसतास तर माझं काय झालं असतं? लव्ह यू सोऽऽ मच”

आणि शेवटी सात लाल बदाम, दोन रडके चेहरे, एक मिठी.

घुमा हे वाचतो. त्याला मनापासून बरं वाटतं. हे बरं वाटणं तो आतल्या आत, शिस्तीत, कुणाला त्रास न देता उरकतो. मग त्याच्या लक्षात येतं की निळ्या खुणा उमटल्या आहेत आणि आता घड्याळ सुरू झालंय.

इथे पहिला अपघात होतो. तो टाइप करायला लागतो. पलीकडे त्याच्या नावाखाली ‘टायपिंग’ दिसतं, ती गादीवर उठून बसते. तो चार शब्द लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. ‘टायपिंग’ येतं, जातं, येतं. सहा मिनिटांच्या या प्रसववेदनांनंतर जन्माला येतं ते “मलाही”. नुसता “मलाही” पहिल्या दहा सेकंदांत आला असता तर चालूनही गेला असता. सहा मिनिटांनंतर आलेल्या “मलाही”चा अर्थ असा होतो, की माणसाने बरंच शोधलं आणि आत एवढंच निघालं.

म्हणून मसुदा चॅटच्या खिडकीत करायचाच नाही. फोनमधल्या नोट्समध्ये करावा, किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे तिथे करावा, आणि तयार झाला की उचलून आणावा. उचलताना फक्त मसुदाच उचलला जातोय ना, ते बघावं. वर ‘पर्याय २ (जास्त प्रेमळ)’ असं शीर्षक राहिलं तर पुढचा आठवडा त्यातच जातो.

मसुद्याला वेळ लागणार असेल तर मधल्या काळासाठी एक पोचपावती पाठवावी: “वाचलं गं. घाईत उत्तर नाही द्यायचं मला, पाच मिनिटं दे.” हे वाक्य आमच्या पक्षाचं सर्वात मोठं हत्यार आहे, कारण ते शंभर टक्के खरं असतं आणि तरीही प्रेमळ वाटतं. मात्र पाच मिनिटं म्हणजे पाचच. त्यात झोप लागली तर सकाळी बचावाला काही उरत नाही.

आता प्रत्यक्ष उत्तर. घुम्याच्या हातून साधारण तीन मसुदे या क्रमाने निघतात, आणि तिन्ही का पडतात ते बघण्यासारखं आहे.

पहिला: “छान झालं. मलाही.” यात ‘मलाही’ नेमकं कशाला जोडायचं ते कळत नाही. त्यालाही मीटिंग होती? त्याचेही हात थरथरतात? शिवाय हे उत्तर तिच्या कालच्या मेसेजला चाललं असतं आणि परवाच्याही. जे उत्तर कुठल्याही मेसेजखाली बसतं ते ती न वाचताच ओळखते.

दुसरा: “पुढच्या वेळी आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून बघ, हात थरथरणार नाहीत.” घुम्याच्या दृष्टीने ही प्रेमाची परमावधी आहे, कारण त्याने तिच्या अडचणीवर खरोखर विचार केला. पण मीटिंग झालेली आहे, मस्त झालेली आहे, आणि तिने दुरुस्तीचं टेंडर काढलेलं नव्हतं.

तिसरा मसुदा अपराधी भावनेतून येतो: “तूच माझा श्वास, तूच माझा ध्यास, तुझ्याविना जीवन अपूर्ण.” यावर ताबडतोब उत्तर येतं, “फोन कुणाकडे आहे?” तिच्या बरोबरीने विशेषणं उधळायला गेलं की असं होतं. विशेषणं हा तिचा घरचा माल. आपण ती उसनी आणतो आणि उसनं अंगावर दिसतं.

आमच्या पक्षाकडे माल नाही असं मात्र नाही. घुमी माणसं बोलत नाहीत तेवढा वेळ बघत असतात. कोण घाबरल्यावर अंगठा मुठीत लपवतं, कोण खोटं हसताना मान डावीकडे करतं, हे सगळं त्यांच्याकडे साठलेलं असतं. ऊब द्यायची ती या साठ्यातून. तिच्या मेसेजमधली एकच गोष्ट पकडायची, तिच्यापुढे आपल्याला माहीत असलेला एक तपशील ठेवायचा, मग आपल्याला काय वाटलं ते एका साध्या क्रियापदात सांगायचं आणि शेवटी तिला पुढे बोलता येईल असं काहीतरी विचारायचं. वरच्या मेसेजला ते असं दिसेल:

“‘हात थरथरत होते’ इथे थांबलो. अंगठा मुठीत लपवला असशील, नेहमीसारखा. आणि तरी बोललीस. सकाळी मी ‘तुला सगळं येतंय’ एवढंच म्हणालो होतो. ते तिथे तुझ्या उपयोगी पडलं, हे वाचून खूप बरं वाटलं गं. सगळ्यात खडूस प्रश्न कुणी विचारला ते उद्या सांग.”

आणि एक लाल बदाम.

यात ‘श्वास’ नाही, ‘ध्यास’ नाही, एकही वाक्य घुम्याला लाज वाटेल असं नाही. तिच्या मेसेजपेक्षा हा थोडा लहानच आहे आणि लहानच असावा. तिच्यापेक्षा थोडं कमी राहिलं की पुरतं. तिच्याहून लांब लिहायला गेलं की शेवटी पाणी घालावं लागतं. ‘तू नसतास तर माझं काय झालं असतं?’ याला उत्तर दिलेलं नाही, हेही मुद्दाम. तो प्रश्न नाही. घुमा त्यावर खरोखर विचार करून “झालं असतं काहीतरी” असं लिहू शकतो, म्हणून सांगून ठेवलं.

वाक्याच्या शेवटच्या टिंबाचं वेगळं सांगायला हवं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. एका शब्दाच्या टेक्स्ट मेसेजपुढे पूर्णविराम दिला की वाचणाऱ्याला तो कमी मनापासूनचा वाटतो, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. घुमी माणसं शुद्धलेखनाची चाहती असतात, त्यामुळे त्यांचा ‘हो.’ हा दार लावून घेतल्यासारखा पोचतो. चार वाक्यांच्या उत्तरात पूर्णविराम खुशाल द्यावेत. एकट्या ‘हो’पुढे देऊ नये, त्यापेक्षा ‘हो गं’ लिहावं.

बदामांची बाब अधिक नाजूक आहे, कारण इथे महागाई फार लवकर वाढते. तिने सात पाठवले म्हणून उत्साहात अकरा पाठवले, तर दुसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे एक पाठवल्यावर दहा कुठे गेले याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून आपला दर ठरवून घ्यावा आणि पाळावा. माझं मत एकाचं आहे. व्हॉट्सॲपवर लाल बदाम एकटाच पाठवला तर तो मोठा दिसतो आणि धडधडतो, त्यामुळे शब्दांनंतर तो वेगळा पाठवावा. न बोलता भावना व्यक्त करणारी यापेक्षा सोपी यंत्रणा आमच्या पक्षाला मिळणार नाही. रंग मात्र बदलू नये. निळा किंवा पांढरा बदाम ‘सहज वेगळा म्हणून’ पाठवणाऱ्याला त्याचा अर्थ सांगत बसावं लागतं आणि अर्थ नव्हताच हे कुणी मानत नाही.

मेसेज दाबून धरला की वर येणाऱ्या पट्टीत अंगठा आणि लाल बदाम शेजारी शेजारी असतात, हे ज्याने ठरवलं त्याचा संसार कसा चालतो कोण जाणे. झोपेत बोट घसरलं की ‘तू माझ्यासाठी काय आहेस’ या वाक्यावर अंगठा चिकटतो, जणू सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची वेळ कळवली होती. तो काढता येतो, पण तोवर तिने बघितलेला असतो. अशा वेळी लपवाछपवी करू नये. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण खाली ‘संपादित’ असं दिसतं. पुसून टाकला तर पुसल्याची नोंद राहते, आणि तिथे काय लिहिलं होतं याची तिची कल्पनाशक्ती आपल्या कुठल्याही मसुद्यापेक्षा जोरात चालते.

एवढं करूनही कोरडं वाटत असेल तर आवाज पाठवावा. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की १०० पैकी ७८ वेळा समोरच्याला आपला सूर कळेल. आवाजातून तो ७३ च्या आसपास वेळा कळला, ईमेलमधून ५६ वेळा, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडाच बरा. आपल्या ‘बरं’मध्ये केवढी माया भरली आहे हे घुम्याला स्वतःच्या कानात ऐकू येत असतं. तिच्याकडे फक्त दोन अक्षरं पोचतात.

आवाजी मेसेज पंधरा-वीस सेकंदांचा पुरे. वरचा चार ओळींचा मसुदा समोर ठेवावा, पण वाचून दाखवू नये. वाचला की बातम्यांचा सूर लागतो आणि ‘खूप बरं वाटलं’ हे शोकप्रस्तावासारखं ऐकू येतं. मध्ये अडखळलात तर तसंच राहू द्यावं. पाठवण्याआधी एकदा ऐकून बघायची सोय असते, ती वापरू नये. स्वतःचा प्रेमळ आवाज ऐकून कुठल्याही घुम्याने तो मेसेज पाठवलेला नाही.

चांगल्या उत्तराचा एक दुष्परिणाम आधीच माहीत असलेला बरा. “अंगठा मुठीत लपवला असशील” वाचून ती गप्प झोपेल ही आशा सोडावी. तिकडून आता सलग पाच मेसेज येतात: “तुला हे माहितेय???”, “कधी बघितलंस?”, “मी रडतेय”, “सांग ना”, “झोपलास?” इथे पुन्हा तेवढा मसुदा काढायची गरज नसते. पाचांपैकी ‘कधी बघितलंस’ एवढाच खरा प्रश्न आहे, त्याला एका ओळीत खरं उत्तर द्यावं: “आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाच.” आणि मग फोन चार्जिंगला लावून पलीकडच्या खोलीत ठेवावा, कारण यावर जे येणार आहे ते वाचायला सकाळ लागेल.