DATEDIF चा महिना नेमका कधी भरतो?

एक्सेलमध्ये दोन तारखांमधलं अंतर मोजणाऱ्या DATEDIF या फंक्शनबद्दल असा सल्ला दिला जातो: «DATEDIF मध्ये बग आहे. ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी दिलं तर शून्य महिने दाखवतं. त्यावर विसंबू नका. शेवटच्या तारखेत १ मिळवा, नाहीतर सरळ दिवस मोजून ३०.४४ ने भागा.»

आधी बगबद्दल. शून्य येतं हे खरं, पण पूर्ण महिने मोजायला "m" दिल्यावर DATEDIF एका ठरलेल्या नियमाने चालतं. ते दोन तारखांच्या महिन्यांमधला फरक काढतं. मग शेवटच्या तारखेचा आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा लहान असेल, तर त्यातून एक वजा करतं. महिना किती दिवसांचा आहे, ही महिनाअखेर आहे का, यातलं काहीही ते पाहत नाही. ३१ जानेवारी २०२३ पासून पुढे मोजत गेलं, की हा नियम डोळ्यांसमोर येतो:

```
28-02-2023  ->  0
01-03-2023  ->  1
30-03-2023  ->  1
31-03-2023  ->  2
30-04-2023  ->  2
01-05-2023  ->  3
```

२८ हा ३१ पेक्षा लहान, म्हणून फरक एक महिन्याचा असूनही उत्तर शून्य. १ मार्चला फरक दोनचा झाला, त्यातून एक गेला आणि पहिला महिना भरला. म्हणजे छोट्या महिन्यात महिना एक दिवस उशिरा, पुढच्या १ तारखेला भरतो. २९, ३० किंवा ३१ ला सुरू होणाऱ्या तारखांनाच हा फटका बसतो. २८ किंवा त्याआधीची तारीख प्रत्येक महिन्यात असतेच, त्यामुळे तिथे वाद उद्भवत नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. EDATE ला ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवायला सांगा, ते २८ फेब्रुवारी देतं. मग त्याच दोन तारखा DATEDIF ला द्या, ते शून्य म्हणतं. एकाच एक्सेलमध्ये 'महिना' या शब्दाचे दोन अर्थ चालू आहेत. देय तारीख EDATE ने काढायची आणि पूर्ण झालेले महिने DATEDIF ने मोजायचे, अशी शीट असेल तर महिनाअखेरच्या काही नोंदी एकाने कमी पडणारच. माझ्या एका शीटमध्ये हेच झालं होतं. बाकी सगळ्या ओळी बरोबर असल्याने चूक लवकर लक्षातच आली नाही.

आता १ मिळवण्याचा उपाय. ३१ जानेवारीच्या उदाहरणात तो चालतो: २८ फेब्रुवारीची १ मार्च होते आणि १ येतो. पण १५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी घ्या. १४ ची १५ झाली आणि महिना एक दिवस आधीच भरला. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरायचे असतील तेव्हा हे योग्यच आहे. पण तो वेगळा प्रश्न झाला. महिनाअखेरची अडचण सोडवायला म्हणून हा १ सगळ्या ओळींना लावला, तर बरोबर असलेल्या ओळी बिघडतात.

भागाकार तर सोडूनच द्या. १ फेब्रुवारी ते १ मार्च २०२३ हे २८ दिवस, भागाकार ०.९२, पूर्णांक शून्य. अगदी उघड पूर्ण महिना हरवला. १ जानेवारी ते १ मार्चचे ५९ दिवस १.९४ देतात, तिथेही दोनाऐवजी एकच उरतो.

EDATE चा अर्थ मान्य असेल, तर A2 मध्ये सुरुवातीची आणि B2 मध्ये शेवटची तारीख ठेवून दोघांना असं जुळवता येतं:

```
=DATEDIF(A2,B2,"m")+(EDATE(A2,DATEDIF(A2,B2,"m")+1)<=B2)
```

DATEDIF जितके महिने म्हणतं त्यात आणखी एक मिळवून EDATE ची तारीख काढायची. ती शेवटच्या तारखेच्या आत किंवा त्याच दिवशी येत असेल, तर एक वाढवायचा. २८ फेब्रुवारीला आता १ येतो, ३० एप्रिलला ३, आणि १५ जानेवारी ते १४ फेब्रुवारीला शून्यच राहतो. मर्यादा एक: २८ फेब्रुवारी २०२३ ला सुरुवात केली तर पुढचा महिना २८ मार्चला भरतो, ३१ ला नाही. ती तारीख 'महिनाअखेर' म्हणून लिहिली आहे हे EDATE ला कळत नाही. व्यवहार महिनाअखेरचाच असेल, तर तुलनेची तारीख महिन्याचा शेवटचा दिवस देणाऱ्या EOMONTH ने काढावी लागते.

बगचा आरोप एका जागी मात्र खरा आहे, तो म्हणजे "md". ३१ जानेवारी ते १ मार्च २०२३ ला उरलेले दिवस विचारले, तर -2 येतात. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावरही "md" वापरू नका, असंच सांगितलं आहे. त्याऐवजी वरच्या सूत्राचं उत्तर C2 मध्ये ठेवा आणि उरलेले दिवस असे काढा:

```
=B2-EDATE(A2,C2)
```

इथे २८ फेब्रुवारीपासून १ मार्च, म्हणजे एक महिना आणि एक दिवस.